आधी आवाज बंद कर

दोन न्यूज चॅनल एकच बातमी कशी वेगळी मांडतात ते बघायचंय, तर गोदेला पूर आला की दोन्हींची तीच पाच मिनिटं रेकॉर्ड कर आणि आधी आवाज बंद करून बघ. समज, एकाचा कॅमेरा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर झूम, चौकटीत नुसतं पाणी. खाली पट्टी, ‘नाशिकला पुराचा वेढा’. दुसऱ्याचा होळकर पुलावरून लांबचा शॉट. त्यात काठावर मोबाइल धरून उभी गर्दीही दिसते. पट्टी, ‘गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला’. पाणी तेवढंच! पण पहिल्या पट्टीत पूर आपोआप येतो, दुसरीत कुणीतरी दरवाजे उघडलेत. मग चित्र झाकून निवेदन ऐक: ‘थैमान’ की क्युसेकचा आकडा? निवेदक ‘गळ्यापर्यंत’ म्हणतोय आणि मारुती कमरेइतकाच बुडालाय, तर दृश्य कदाचित सकाळचं असेल. आपल्याला नाशिककरांना हे पटकन कळतं म्हणा.