आधी मॉडेल, मग चित्र

अरे, क्लायंटला दाखवायला एआयकडून घराचे व्ह्यू काढायचेत ना, मग नुसतं "छान छोटं घर" टाईप करून काढू नकोस, पहिली चूक तीच. आमच्या ऑफिसातल्या ज्युनिअरने केलं ते सांगतो. वाईजवळ ३० बाय ४० चा प्लॉट, क्लायंट नवरा-बायको, प्लॅन बघून नुसते मान डोलवायचे. याने स्केचअपमध्ये साधे ठोकळे उभे केले, भिंती, उतरतं छप्पर, खिडक्या बस, कॅमेरा ५ फुटांवर ठेवला म्हणजे माणूस उभा राहून बघतो तसा, आणि तोच व्ह्यू एआयला देऊन फक्त कौलं, जांभा, उजेड भरून घेतला.

पहिल्या चित्रात एआयने स्वतःहून एक बाल्कनी लावली होती, खाली आधाराला काहीच नाही! नशीब याने खिडक्या, पायऱ्या प्लॅनशी मोजून बघितल्या, नाहीतर क्लायंट त्या बाल्कनीवरच अडून बसला असता.

दाखवले तीनच व्ह्यू: गेटमधून, ओट्यावरून, स्वयंपाकघरातून. तिसरा बघून काकू म्हणाल्या, "खिडकी सिंकसमोर आणा की." याने तिथेच पेन्सिलने प्लॅनवर खिडकी सरकवली, आणि काकांनी ॲडव्हान्सचं विचारलं.

एआयच्या बाकी सेटिंग्ज नंतर बघू, आधी ठोकळे नीट कर.