गच्चीला चार इंची दोन पाईप पुरतील का? आणि ओव्हरफ्लो किती मोठा ठेवायचा?

प्रश्न: आमचं म्हापशाजवळ घर बांधकाम चालू आहे. सपाट गच्ची, 12 मीटर बाय 8 मीटर, सगळीकडून एक मीटर उंच कठडा. कंत्राटदार म्हणतो, चार इंची दोन पाईप टाकले की झालं. गोव्याच्या पावसाला हे चालेल का?

उत्तर:

नाही चालणार, दोनाचे चार करा. पण खरी अडचण पाईपच्या संख्येत नाही, ती कठड्यात आहे.

आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस पडतो. हिशोबाला हा आकडा उपयोगाचा नाही, दिवसभराचाही नाही. 24 तासांत 300 मिमी म्हणजे तासाला सरासरी जेमतेम साडेबारा मिमी. गच्ची भरते ती पाच-दहा मिनिटांच्या सरीने. पाच मिनिटांत साडेबारा मिमी पडला, तर त्या पाच मिनिटांपुरता दर तासाला 150 मिमी होतो. घरांसाठी मी हाच दर धरतो. तुमच्या वास्तुविशारदाकडे जवळच्या वेधशाळेतल्या थोड्या वेळाच्या पावसाच्या नोंदी असतील, तर त्यावरून तपासून घ्या.

एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची गच्ची 96 चौरस मीटर, म्हणून:

```
96 × 150 ÷ 3600 = 4 लिटर प्रति सेकंद
```

जिन्याची खोली वर येत असेल, तर तिच्या पावसाकडच्या भिंतीचं निम्मं क्षेत्रफळ यात मिळवा.

आपल्याकडे वापरात असलेल्या कोष्टकाप्रमाणे 100 मिमीचा पाईप 150 मिमीच्या दराला सुमारे 28.5 चौरस मीटर गच्ची सांभाळतो, म्हणजे सेकंदाला साधारण 1.2 लिटर. उभ्या पाईपातून याहून बरंच जास्त पाणी जाऊ शकतं, पण ते तोंडातून आत शिरायला हवं ना. तोंडापाशी जेवढं पाणी साचेल तेवढंच जोर करून आत जातं, आणि जाळी अर्धी वाट अडवते. म्हणून तोंडाभोवती कोब्यात दीडेक फूट चौकोनी, 40 मिमी खोल खळगा करून घ्या. साचलेल्या पाण्याची उंची दुप्पट झाली की आत शिरणारं पाणी जवळजवळ तिप्पट होतं. मोठा पाईप घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. ढाळ 1:100 तरी हवा, आणि मिस्त्रीने तो दोरी लावून दाखवायला हवा.

चार तोंडं असूनही पुरत नाही, हे मला स्वतःच्या फोंड्याच्या घरी कळलं. एका आषाढात दोन जाळ्यांवर जांभळाची पानं आणि एक प्लास्टिकची पिशवी बसली. रात्री जिन्याच्या दाराखालून पाणी आत आलं तेव्हा गच्चीवर घोट्यापर्यंत तळं होतं. कठड्याला एकही भोक नव्हतं. हा नकाशा माझाच, त्यामुळे बोलणार कुणाला!

सगळी तोंडं बंद पडली आणि तोच दर टिकला, तर अर्ध्या तासात 75 मिमी पाणी साचतं. 100 मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला 100 किलो. वापराच्या गच्चीचा स्लॅब साधारण 150 किलोच्या जादा भाराला धरलेला असतो. एक मीटर कठडा काठोकाठ भरला तर 1000 किलो होतील. तेव्हा ओव्हरफ्लो हा नुसता 'जादा पाईप' नाही, ती स्लॅबची राखण आहे. म्हणूनच तो एकट्याने सगळं पाणी काढेल एवढा हवा.

पाईपच्या तोंडापासून 50 मिमी वर कठड्यात आडवे झरोके काढा. 250 मिमी रुंद झरोक्यातून 50 मिमी उंचीचं पाणी वाहू लागलं, की कडांची घट वजा जाता सेकंदाला सुमारे चार लिटर जातात. म्हणजे एकही पुरतो, पण दोन ठेवा, दोन वेगळ्या बाजूंना. झरोक्याची उंची 100 मिमी असू द्या, जाळी अजिबात नको. एकाच झरोक्यावर वेळ आली तर पाणी खोलगट भागात 100 मिमीपर्यंत चढेल, म्हणून जिन्याचा उंबरठा पाईपच्या तोंडापासून 150 मिमी वर घ्या.

ओव्हरफ्लो त्याच खालच्या पाईपला जोडू नका. पुष्कळ ठिकाणी तसंच करतात, आणि पाईप तुंबला की दोन्ही एकदम बंद. पाणी बाहेर मोकळं पडू द्या, शक्यतो पोर्चसमोर, जिथे येता-जाता दिसेल. तिथून धार लागली, की वर जाऊन जाळ्या साफ करायच्या.

वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ठेवायची चाचणी होतेच. त्या वेळी पाईपची तोंडं बंद करून झरोक्यातून धार लागेपर्यंत पाणी चढवायला सांगा. उंबरठ्यापर्यंत किती अंतर उरलं ते टेपने मोजा. 100 मिमीहून कमी उरलं, तर फरशी बसण्याआधीच उंबरठा वाढवून घ्या.