फायब्रोस्कॅनमधला १९

"मॅडम, सिरोसिस निघालाय म्हणे. आता दारू सोडून तरी काय उपयोग? हे म्हणतात, मरायचंच आहे तर पिऊन मरतो."

खानापूरकडच्या या वहिनी फाईल घेऊन आल्या होत्या. नवरा बेचाळीस वर्षांचा, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला. बारा वर्षं रोज दोन क्वार्टर, म्हणजे जवळपास १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन १९ किलोपास्कल, त्यावरूनच सिरोसिस म्हटलेलं. मी मागचं पान उलटलं, लिव्हरच्या रक्ततपासणीचं: एसजीओटी १८८, एसजीपीटी ७४, बिलिरुबिन ३.४.

"वहिनी, हे पान वाचल्याशिवाय त्या १९ चा अर्थ लागत नाही," मी म्हटलं.

दारूनं आधी लिव्हरमध्ये चरबी साठते. दुखत-खुपत काही नाही, आणि दारू बंद केली तर ती बहुधा काही आठवड्यांत उतरते. पुढे काहींच्या लिव्हरला सूज येते, तिला हिपॅटायटिस म्हणतात. डोळे पिवळे होतात, जेवण जात नाही आणि एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून वर जातं. सूज राहिली की व्रण धरतात आणि शेवटी लिव्हर गाठाळ होतं, तो सिरोसिस. फायब्रोस्कॅन फक्त कडकपणा मोजतो आणि सुजलेलं लिव्हरही कडकच लागतं. त्यामुळे त्या १९ मध्ये व्रण किती आणि सूज किती, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं. प्लेटलेट्स आणि अल्ब्युमिन ठीक होते, पोटात पाणी नव्हतं, म्हणजे सिरोसिसच्या या खुणा तरी दिसत नव्हत्या. पोटविकारतज्ज्ञही म्हणाले, दारू बंद करून तीन महिन्यांनी परत बघू.

मात्र घरी एकदम बंद करू नका, हे मी बजावून सांगितलं. मागच्या जत्रेत सोडायला गेले तेव्हा हात थरथरले होते आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायला लागल्या होत्या. असं परत झालं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पाच दिवस दवाखान्यात ठेवलं, सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं.

सहा आठवड्यांनी बिलिरुबिन १.१ वर आलं. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, ते दोन भाकरी खायला लागले. तीन महिन्यांनी फायब्रोस्कॅन ९.८. सूज उतरली होती, थोडे व्रण मात्र उरले होते. ते भरतात, पण वर्षानुवर्षं लागतात.

तेव्हाही १९ च राहिला असता, तर सिरोसिसच धरून चाललो असतो. गाठी सहसा पूर्ण जात नाहीत, दर सहा महिन्यांनी कॅन्सरसाठी सोनोग्राफी करावीच लागते. पण त्या टप्प्यावरही दारू सोडून पोटातलं पाणी ओसरलेले, कावीळ उतरलेले, कामावर परतलेले पेशंट मी पाहिलेत.

रिपोर्ट हातात घेऊन दादांनी विचारलं, "मग सणासुदीला एखादी नाइंटी चालंल की?"

मी म्हटलं, "नाही दादा. ज्या लिव्हरनं एकदा सूज धरली, त्याला एक नाइंटीसुद्धा नाही."

वहिनींनी रिपोर्ट त्यांच्या हातातून घेतला आणि पुढच्या तपासणीची तारीख फाईलवर लिहून घेतली.