पाचव्या दिवशी आम्ही सोडलं, तुम्ही सोडू नका

"मुलगा ६ वर्षांचा, प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणतो. समुपदेशकांनी 'परिणामांत सातत्य ठेवा' असा कागद दिला. ५ दिवस पाळला तर आरडाओरडा दुप्पट झालाय. सोडून द्यावं का?"

ताई, आत्ता तर अजिबात सोडू नका. आम्ही नेमकं पाचव्या दिवशीच सोडलं होतं, आणि तीच चूक आम्हाला सगळ्यात महागात पडली.

आम्ही जिथे जायचो तिथे पहिल्याच भेटीत असाच कागद दिला आणि पंधरा मिनिटांत मोकळं केलं. कागदात चूक काही नव्हती, एकदाच सांगा, ५ सेकंद थांबा, एकदाच ताकीद द्या, परत ५ सेकंद, मग ठरलेला परिणाम, म्हणजे टॅब काढून घेण्यासारखं काहीतरी, लगेच. पण आजवर रडून मिळणारी गोष्ट मिळेनाशी झाली की मूल आधी जोर वाढवतं, हे कुणी सांगितलंच नाही. पहिल्या दिवशी टॅबसाठी आमचा मुलगा १० मिनिटं रडला, पाचव्या दिवशी ४०, शेजारच्यांनी बेल वाजवली आणि मी टॅब देऊन टाकला. म्हणजे तो शिकला काय, तर ४० मिनिटं रडलं की मिळतो. त्या एका वाक्याअभावी आमचं वर्ष गेलं, अजून राग येतो.

नंतर दुसरीकडे पालकांचं पूर्ण ट्रेनिंग केलं, तिथे परिणामांचा कागद पाचव्या सेशनला आला. आधी रोज १५ मिनिटं त्याच्या आवडीचा खेळ, त्यात आपण सूचना द्यायच्या नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत. मग सांगायची पद्धत. "टॅब ठेवतोस का रे?" विचारलं की "नाही" म्हणायची सोय आपणच करून देतो. जवळ जाऊन "टॅब टेबलावर ठेव" म्हणायचं, ठेवला की लगेच त्याच गोष्टीचं कौतुक. हे मॅडम स्वतः मूल बनून आमच्याकडून करून घ्यायच्या, नुसतं वाचून ते जमत नाही.

माझ्या मते परिणाम छोटाच हवा. आम्ही रागात "महिनाभर टॅब बंद" म्हणायचो आणि दोन दिवसांत गुंडाळायचो. नंतर ठरवलं, ऐकलं नाही तर टॅब आम्ही उचलायचा, उद्याचा अर्धा तास गेला, परवा कोरी पाटी. आई असो वा बाबा, दोघांकडून तेच. सासूबाई गुपचूप मोबाईल द्यायच्या, त्यांना एका सेशनला सोबत नेलं तेव्हा ते थांबलं, माझ्या बोलण्याने नसतं थांबलं.

मी डॉक्टर नाही, प्रत्येक मूल वेगळं. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा शाळेतही लक्ष लागत नसेल तर आधी बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

आणि हो, रडण्याची मिनिटं रोज कॅलेंडरवर लिहा, त्या गोंगाटात आपल्याला फरक कळत नाही. दुसऱ्या खेपेला आमची अशी होती: ३५, ४५, ४०, २५, २०, मग दहाव्या दिवशी ६.