मेटा आणि गूगल एकाच ऑर्डरवर हक्क सांगतात, तेव्हा खर्च कसा मोजायचा?

प्रश्न: साताऱ्यात घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, विक्री स्वतःच्या वेबसाइटवरून. मेटा आणि गूगलने दाखवलेल्या ऑर्डरींची बेरीज प्रत्यक्ष ऑर्डरींपेक्षा जास्त भरते. एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च किती धरू?

उत्तर: मी सांगलीतून हळद आणि बेदाणे विकतो. माझ्याकडेही हेच व्हायचं. एखाद्या ताईंनी सोमवारी इन्स्टाग्रामवरची जाहिरात दाबून साइट पाहिली आणि गुरुवारी गूगलवर आमचं नाव शोधून, वरच्या जाहिरातीतून येऊन हळद मागवली. मेटा साधारणपणे क्लिकनंतर सात दिवस हक्क सांगतं, गूगल तीस दिवस. त्यामुळे दोघांच्या खात्यात ती एकेक ऑर्डर लागते. कुरिअरवाला मात्र एकच पार्सल नेतो.

म्हणून मी मोजायला कुरिअरची यादी धरतो. एका महिन्यात मेटाने 260 ऑर्डरी दाखवल्या, गूगलने 210. साइटवर आल्या 400, त्यातल्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या 40 परत आल्या. पोचल्या 360. दोन्हीकडचा खर्च 1,08,000 रुपये, म्हणजे पोचलेल्या ऑर्डरीमागे 300. जीएसटी वगळून विक्री 2,88,000; तिला खर्चाने भागलं की 2.67, हाच एमईआर, म्हणजे जाहिरातीच्या एकूण खर्चाच्या किती पट विक्री झाली तो आकडा. ऐकायला बरा वाटतो. पण सरासरी 800 रुपयांच्या ऑर्डरीत माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता माझ्याकडे 300 च उरत होते, ते सगळे जाहिरातीत गेले. वर परत आलेल्या 40 पार्सलांचं भाडं पदरचं.

एवढ्यावर थांबलात तर मात्र फसाल. याच 360 मध्ये 120 जुनी गिऱ्हाईकं होती, त्यातली बरीचशी जाहिरातीशिवायही आली असती. तो सगळा खर्च 240 नव्या गिऱ्हाइकांवर टाकला की प्रत्येकी 450 पडतात.

पुढच्या महिन्यात मी बजेट 30,000 ने वाढवलं. पोचलेल्या ऑर्डरी 360 वरून 410 झाल्या. सरासरी 337 वर गेली, फार बिघडलं असं वाटलं नाही. पण वाढीव पन्नास ऑर्डरी प्रत्येकी 600 ला पडल्या होत्या! सरासरी हे लपवते, म्हणून बजेट हलवलं की वाढलेला खर्च भागिले वाढलेल्या ऑर्डरी एवढं गणित आधी करा.

कुठे कापायचं हे एमईआर सांगत नाही. त्यासाठी मी आमच्या दुकानाच्या नावावरची गूगल जाहिरात दोन आठवडे बंद ठेवली. गूगलच्या खात्यातल्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या, पार्सलं मात्र जवळपास तेवढीच गेली. लोक नाव शोधून तसेही येत होते. ती जाहिरात अजून बंदच आहे. ही परीक्षा दिवाळीच्या तोंडावर घेऊ नका. तेव्हा पार्सलं कशाने वाढली हेच कळत नाही.