आजीच्या गुडघ्याला आधी मापाची टेप लावा, कंपनीचं नंतर बघू

प्रश्न: माझी आजी ७४ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, कधी कधी कंबरही. डॉक्टर गुडघ्याला 'नी सपोर्ट' घ्या म्हणाले. कोणत्या कंपनीचा, कुठल्या साइजचा घेऊ? कमरेचा पट्टाही सोबतच घ्यावा का? आम्ही कोल्हापुरातच राहतो.

उत्तर:

मी राजारामपुरीत सर्जिकल वस्तूंच्या दुकानात काउंटरवर बसतो. रोज कुणी ना कुणी येतं आणि सांगतं, "आई अंगानं जरा भारी आहे, एल साइज द्या." अंदाजाने घेतलेला सपोर्ट बहुतेक वेळा चार दिवसांत कपाटात जातो. माझ्या आत्याचं असंच झालं, तेच सविस्तर सांगतो.

आत्या कागलकडे राहते, वय ६९. माझा आतेभाऊ येताना कुठूनतरी ओढून घालायची साधी नी कॅप घेऊन आला. तासाभरात तिची वरची कड गुंडाळून दोरीसारखी झाली आणि मांडीत रुतली. संध्याकाळपर्यंत पाऊल सुजलं. "काढ की रं हे, पाय जड पडलाय माझा," म्हणाली आणि पुन्हा हात लावला नाही.

रविवारी जाऊन मी टेप लावली. उभं करून, गुडघा किंचित वाकवून, वाटीच्या मध्यावर ३९ सेंटीमीटर भरले. खोक्यावरच्या तक्त्याप्रमाणे एल साइज बरोबरच होती! मग वाटीच्या मध्यापासून १५ सेंटीमीटर वर मांडीचं माप घेतलं, ते ५०. आणि तेवढंच खाली पोटरीचं, ते ३५. घोळ इथे होता. वर रुंद आणि खाली निमुळता असा पाय असला की नळीसारखी कॅप वरून आवळते. एक साइज मोठी घेतली तर मांडीला बसते, पण खाली सैल पडते आणि चालताना घसरत घोट्याकडे येते. आपल्याकडच्या बऱ्याच आज्यांचे पाय असेच असतात. साइज चुकली नव्हती, प्रकार चुकला होता.

म्हणून तिला गुंडाळून वेल्क्रोने लावायचा सपोर्ट दिला. त्याचा वरचा आणि खालचा पट्टा वेगवेगळा आवळता येतो, वाटीसाठी पुढे गोल भोक असतं. दुसरा फायदा मोठा आहे: बोटांना संधिवात असेल तर घट्ट कॅप पायातून वर ओढणं जमत नाही, लुगडं सांभाळत तर नाहीच. वेल्क्रोचा सपोर्ट खुर्चीत बसून स्वतःचा स्वतः लावता येतो. आजीला दुकानात आणणं शक्य नसेल तर वरची तीन मापं कागदावर लिहून न्या. दुखणाऱ्या पायाचीच मापं घ्या, आणि गुडघा सुजला असेल तर तेही दुकानदाराला सांगा. तक्ता त्याच कंपनीच्या खोक्यावरचा बघा, कारण एक कंपनी वाटीवरचं माप धरते, दुसरी मांडीचं. एकीची एल दुसरीची एल नसते.

घातल्यावर आजीला दहा मिनिटं घरात चालू द्या, मग खुर्चीत बसवा. पट्ट्याखाली दोन बोटं सरकायला हवीत आणि भोकाची कड वाटीवर चढता कामा नये. गुडघ्यामागे कापड गोळा होऊन टोचत असेल तर तो सपोर्ट घेऊ नका. अर्ध्या तासाने काढून कातडी बघा. हलका वळ थोड्या वेळात जातो. खोल वळ, मुंग्या, गार पडलेली किंवा निळसर बोटं म्हणजे घट्ट झालाय. आजीला मधुमेह असेल तर तिच्या "काही होत नाही"वर विसंबू नका, पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत आणि गरम लागत असेल तर सपोर्ट बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते.

कापडाचं म्हणाल तर निओप्रीन जाड रबरी असतं. ऊब चांगली देतं, थंडीत बरं वाटतं, पण एप्रिल-मे मध्ये आत घाम साचून पुरळ उठतं. आजी दिवसभर घरकामात असेल तर हवा खेळणारं विणलेलं लवचिक कापड घ्या. रबराची ॲलर्जी असेल तर खोक्यावर लॅटेक्स नसल्याचं लिहिलंय का बघा. आपल्याकडे पावसाळ्यात जाड सपोर्ट दोन दोन दिवस वाळत नाही, हेही धरून चला. धुताना वेल्क्रो बंद करा, साध्या साबणाने गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा.

आता कंपनी. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर टायनॉर आणि व्हिस्को जास्त दिसतात, कधी फ्लेमिंगो, कधी डायना. टायनॉर मोहालीची, व्हिस्को मुंबईची, डायना केरळची. साध्या सपोर्टमध्ये यातली जिची साइज आजीला नीट बसते ती घ्या. जर्मनीच्या बावरफाइंडचे विणलेले सपोर्ट छान बसतात, पण किंमत कितीतरी पट आहे. पहिल्यांदाच घेत असाल तर गरज नाही. चिठ्ठीवर 'हिंज्ड' लिहिलं असेल तर मात्र दोन्ही बाजूंना बिजागरी असलेलाच घ्या. गुडघा चालताना दगा देतो, बाजूला कलतो, तेव्हा तो लिहून देतात. त्याऐवजी साधी कॅप नेऊन भागत नाही. आजीचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले असतील तर झिजलेल्या बाजूवरचा भार हलवणारा वेगळा ब्रेस असतो. तो मनाने घेऊ नका, डॉक्टरांनी तपासून मापाने लावून घ्यायचा असतो. साध्या सपोर्टने ऊब आणि आधार मिळतो, झीज भरून येत नाही. मांडीचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला असेल तर तो चालूच ठेवा.

कमरेचा पट्टा चिठ्ठीवर नसेल तर आत्ता घेऊ नका. या वयात हाडं ठिसूळ असली तर किरकोळ धक्क्यानेही मणका दबतो. दुखणं अचानक सुरू झालं असेल तर आधी तपासणी आणि एक्स-रे. लघवी-शौचावरचा ताबा गेला, पायातली ताकद कमी झाली किंवा मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं तर वाट न बघता कोल्हापुरातलं सीपीआर हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरांनी पट्टा लिहिलाच तर त्यांना विचारून रोज किती तास लावायचा ते ठरवून घ्या. माप कुठे घ्यायचं ते खोक्यावर दाखवलेलं असतं, साडीच्या घड्या बाजूला करून टेप लावा. बुटक्या बायकांना उंच पट्टा बसल्यावर फासळ्यांत आणि जांघेत टोचतो, म्हणून दुकानात उभं राहून नव्हे तर बसून बघायला सांगा. मागच्या कडक पट्ट्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना याव्यात, मणक्यावर नाही. आत पातळ सुती कपडा असू द्या, आणि जेवल्यावर व झोपताना पट्टा सोडून ठेवा.

बिल आणि खोकं जपून ठेवा. वापरलेला सपोर्ट बहुतेक दुकानं परत घेत नाहीत, म्हणून घरी पहिल्यांदा घालून बघताना पायाला तेल-बाम लावू नका आणि लेबल काढू नका. तेवढी काळजी घेतली तर साइज बदलून मिळण्याची शक्यता राहते.