‘संकटी पावावे’ का ‘संकष्टी पावावे’?

प्रश्न: आमच्या मंडळाला आरतीचं पान छापायचंय. घरातल्या पाच पुस्तकांत ‘सुखकर्ता दुखहर्ता’ पाच प्रकारची निघाली. ‘उटी’ की ‘ओटी’, ‘बंधना’ की ‘वंदना’, ‘संकटी’ की ‘संकष्टी’? जास्त पुस्तकांत जे आहे ते धरू का?

नको. मीपण आधी तेच केलं होतं. माझ्याकडेही पाचच होती, त्यातलं एक पद्मालयला गेलो तेव्हा देवळाबाहेर घेतलेलं. एकेक ओळ एकाखाली एक लिहून काढली तेव्हा दिसलं की तीन पुस्तकांत ‘चरणी घागरिया’च्या जागी ‘घाबरिया’ छापलंय. आता गणपतीच्या पायात घुंगरू असतात, तो घाबरतो कशाला? असली चूक तीन छापखान्यांत तीन जणांनी आपापली केली असं होत नाही, म्हणजे तिन्ही पुस्तकं एकमेकांवरून नाहीतर एकाच कुठल्या पुस्तकावरून उतरवलेली. मग त्यांची मतं तीन नाहीत, एकच. तुम्हीपण आधी अशी सामायिक चूक शोधा. आणि ‘दुखहर्ता/दुःखहर्ता’ असले नुसते ऱ्हस्वदीर्घ-विसर्गाचे फरक बाजूला टाका, त्यानं शब्द बदलत नाही.

‘उटी’चं सोपंय. ओटी भरतात ती बाईची नाहीतर देवीची, आणि ती काही सर्वांगाला लागत नाही. ओळ आहे ‘सर्वांगी सुंदर उटी शेंदुराची’, म्हणजे अंगभर लावलेला लेप. शिवाय पुढच्याच कडव्यात ‘चंदनाची उटी कुमकुमकेशरा’ आहे आणि ज्या पुस्तकांत वर ‘ओटी’ छापलंय त्यांतही तिथे ‘उटी’च आहे. आरतीनंच उत्तर दिलंय.

‘फणिवरबंधना’ला माझ्याकडे पाचातलं एकच पुस्तक होतं, बाकी चारांत ‘फणिवरवंदना’. तरी मी एकाचं ऐकलं. कारण ‘वंदना’ तिथे कुठून आलं ते सांगता येतं: कडव्याच्या शेवटी ‘सुरवरवंदना’ आहेच, तो शब्द कानात बसलेला, खिळे जुळवणाऱ्याच्या हातून नाहीतर म्हणणाऱ्याच्या तोंडून आधीच निसटला. उलट, आधी ‘वंदना’ असतं तर कोणी त्याचं ‘बंधना’ का करेल याचं कारण मला तरी सुचत नाही. अर्थही बघा, लंबोदर म्हणजे पोट, पीतांबर म्हणजे नेसूचं, मग त्यावर बांधलेला नागाचा पट्टा, वर्णन कसं सरळ चाललंय. नागानं वंदन केलं असाही अर्थ लावता येतो म्हणा, पण मग एकाच कडव्यात दोनदा वंदना होते.

आता तुमचं ‘संकष्टी’. इथे घाई करू नका, कारण ही साधी छपाईची चूक नाही. संकष्ट म्हणजेही संकटच, गणपतीच्या स्तोत्राचं नावसुद्धा ‘संकटनाशन’ आणि ‘संकष्टनाशन’ असं दोन्ही तऱ्हांनी चालतं. पण आज ‘संकष्टी’ म्हटलं की आपल्या डोक्यात चतुर्थी, उपवास आणि चंद्रोदयाची वेळ येते, देवा चतुर्थीलाच पाव असं काहीतरी होऊन बसतं. इथे जुन्या छपाईतला अनुस्वार कामाला येतो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी सप्तमीच्या शेवटी अनुस्वार द्यायचे. माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या, पानं सुटलेल्या पुस्तकात ‘संकटीं पावावें निर्वाणीं रक्षावें’ आहे. निर्वाणीं म्हणजे अगदी शेवटच्या प्रसंगी, तर संकटीं म्हणजे संकटात, जोडी जमते. तुमच्या जुन्या प्रतीत ‘संकष्टीं’ असं अनुस्वारासकट असेल तर तेही ‘संकटात’च, व्रताचं नाव नव्हे, त्या अर्थानं तो पाठ चुकीचा म्हणता येणार नाही. तरी मी पानावर ‘संकटी’ ठेवीन, कारण गाणाऱ्याला अर्थ लगेच लागतो, आणि ‘संकट’चं ‘संकष्टी’ होणं गणपतीच्या आरतीत फार सोपं होतं, उलटं तेवढं नाही. खाली बारीक अक्षरात ‘काही प्रतींत संकष्टी’ एवढं टाका, म्हणजे म्हातारी मंडळी भांडायला येणार नाहीत.

मात्रा मोजून यातलं काही ठरवायला जाऊ नका, आरती म्हणताना आपण अक्षर हवं तसं ताणतो.

आणि हो, ‘वाट पाहे सजणा’ कोणी म्हटलं तर ते छापू नका, ‘सदना’च. बंधना, त्रिनयना, सदना, वंदना असं ‘ना’चं यमक आहे आणि ‘णा’नं ते मोडतं. आपल्याकडे खानदेशात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं त्यामुळे तोंडी म्हणताना ‘सजना’च ऐकू येतं, यमकही बसल्यासारखं वाटतं, म्हणून ते पकडायला कानापेक्षा छापील ओळ बघा. ‘सदना’ म्हणजे घराला, रामाचा दास तू घरी यायची वाट बघतोय.